वाटी रिकामी होते, पोट भरतं, मग वजन का वाढत नाही? यवतमाळच्या बाळांच्या घासाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्याची बातमी राज्यभर पोहोचते ती बहुतेक वेळा शेतकरी आत्महत्येची असते. कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव आणि बँकेचं कर्ज यांचा हिशेब सगळे मांडतात. त्याच घरात दहा महिन्यांच्या बाळासमोर जी वाटी येते, तिचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. आज आम्ही तो मांडणार आहोत, कारण आपल्या वस्त्यांतल्या मुलांची उंची आणि वजन त्या वाटीवर ठरतं.

आधी चित्र किती मोठं आहे ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं खुजी होती, म्हणजे वयाच्या मानाने उंची फार कमी असलेली. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हा आकडा ३५.२ टक्के झाला. वयाच्या मानाने कमी वजनाची मुलं दोन्ही वेळा ३६ टक्क्यांच्या आसपासच राहिली. देशातल्या एका सधन राज्यात चार-पाच वर्षांत सुधारणा झालीच नाही. देशपातळीवर याच सर्वेक्षणाने जातीनिहाय मोजणी केली, तेव्हा अनुसूचित जातींतली सुमारे ३९ टक्के आणि अनुसूचित जमातींतली सुमारे ४१ टक्के मुलं खुजी आढळली. कोणत्याही मागास प्रवर्गात नसलेल्या कुटुंबांत हे प्रमाण ३० टक्के होतं.

इथे काही जण म्हणतात, "आईबाप बुटके, म्हणून लेकरू बुटकं. आपली हाडापेराची ठेवणच तशी." या समजुतीला उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीचे जे तक्ते जाहीर केले, ते सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापावर बेतलेले आहेत. त्यात ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका यांच्यासोबत भारतही होता. ज्यांना आईचं दूध, पुरेसा वरचा आहार आणि स्वच्छ परिसर मिळाला, अशी या सहाही देशांची बाळं पहिल्या काही वर्षांत जवळपास सारखीच वाढली. म्हणजे इतक्या मोठ्या प्रमाणावर मुलं खुजी राहतात, त्याचं कारण रक्तात किंवा जातीत नाही, परिस्थितीत आहे. परिस्थिती बदलता येते.

सहा महिन्यांनंतर काय बिघडतं

पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं. त्यानंतर ते एकटं पुरत नाही आणि वरचं अन्न लागतं. सहा महिने ते दोन वर्षं या काळातच उंचीची वाढ सर्वांत जास्त मागे पडते, आणि दोन वर्षांनंतर ती भरून काढणं फार अवघड असतं. देशात या वयाच्या दर शंभर बाळांपैकी सुमारे अकरा बाळांनाच पुरेसा आहार मिळतो, असं वरचंच सर्वेक्षण सांगतं. पुरेसा म्हणजे दिवसातून हवे तितक्या वेळा आणि हवे तितक्या प्रकारचे पदार्थ.

आता एक बाळ डोळ्यांसमोर आणू. समजा, ते दहा महिन्यांचं आहे, मुलगी आहे, वजन साडेसहा किलो. या वयाच्या मुलीचं मध्यम वजन साडेआठ किलो असतं, आणि ६.७ किलोच्या खाली ती 'कमी वजनाची' ठरते. कापूस वेचणीचे दिवस आहेत. आई सकाळी आठला शेतात जाते आणि सांजच्याला परतते. बाळ आजीजवळ आहे. आजी मायेने दिवसातून तीन वेळा वाटीभर वरणाचं पाणी पाजते. मधे चहात बुडवलेलं बिस्कीट देते. "लेकराचं पोट भरलं, आता घेत नाही," असं आजी सांगते, आणि ती खोटं बोलत नाही. खरी अडचण इथेच सुरू होते.

बाळाच्या पोटात एका वेळी त्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली मावतं. साडेसहा किलोच्या या मुलीच्या पोटात म्हणून जेमतेम दोनशे मिली मावेल, लहानशा वाटीपेक्षा थोडं जास्त. या वयाचं बाळ आईचं दूध नीट पीत असेल, तरी त्याला वरच्या अन्नातून रोज सुमारे ३०० कॅलरी मिळायला हव्यात. वरणाच्या वरच्या निवळीत, एका वाटीमागे, फार तर चमचाभर डाळ उतरते. चमचाभर डाळ म्हणजे पाच ग्रॅम, म्हणजे सतरा कॅलरी. तीन वाट्या मिळून पन्नास. गरज तीनशेची, मिळाल्या पन्नास, आणि पोट तिन्ही वेळा गच्च भरलेलं. बाळ रडत नाही, म्हणून ते उपाशी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

भाताची पेज, पातळ रव्याची लापशी, पाणी घातलेलं दूध यांचाही हिशेब साधारण असाच निघतो. बिस्किटात कॅलरी असतात, पण त्या मैद्याच्या आणि साखरेच्या. शरीर बांधणारी प्रथिनं त्यात नावापुरती असतात, आणि सोबतचा चहा अन्नातलं लोह शरीरात जाऊ देत नाही.

म्हणून आमचा पहिला मुद्दा सरळ आहे. या बाळाला दिवसभर जास्त वाट्या भरवून उपयोग नाही, त्याच्या पोटात तेवढी जागाच नाही. वाटी तेवढीच ठेवायची आणि तिच्यातलं पाणी कमी करून धान्य, डाळ, दाणे आणि तेल वाढवायचं. चमचा तिरपा केल्यावर जे अन्न पाण्यासारखं ओघळतं, ते बाळासाठी पातळ आहे. चमच्यावर टिकून राहतं, ते योग्य आहे.

चार रुपयांची खिचडी, सहा रुपयांचं सातू

घट्ट खिचडीपासून सुरुवात करू. तांदूळ ३० ग्रॅम म्हणजे दोन मुठी, तूरडाळ १५ ग्रॅम म्हणजे एक मूठ. दोन्ही मऊ शिजवून घोटायचं. त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचा बारीक कूट दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम, आणि वरून चमचाभर तेल. सगळं मिळून सुमारे २५० कॅलरी आणि आठ ग्रॅम प्रथिनं होतात. शिजल्यावर हे दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे दोन वेळांना अर्धं-अर्धं देता येतं. तांदूळ रेशनचा असेल आणि डाळ १२० रुपये, दाणे १३० रुपये, तेल १४० रुपये किलो धरलं, तर खर्च चार रुपयांपेक्षा कमी येतो. यात सर्वांत जास्त काम तेल करतं. एका चमच्यात ४५ कॅलरी असतात आणि वाटीत जागा जवळजवळ लागत नाही. बाळाला तेल बाधेल म्हणून अनेक घरांत ते टाळलं जातं. अन्नात मिसळलेलं चमचाभर तेल सहा महिन्यांपुढच्या बाळाला पचतं.

दुसरा पदार्थ घरात करून ठेवण्याचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी एक साधं मिश्रण बसवलं होतं, ते 'हैदराबाद मिक्स' म्हणून ओळखलं जातं. त्याचं प्रमाण आपल्या भाषेत असं: गहू एक किलो, फुटाणे ४०० ग्रॅम, शेंगदाणे २५० ग्रॅम, गूळ ५०० ग्रॅम. गहू आणि दाणे वेगवेगळे खमंग भाजायचे, फुटाण्यांची सालं काढायची, तिन्ही दळून एकत्र करायचं. गूळ पिठात आधी न घालता खायला देताना घातला, तर पीठ जास्त टिकतं. हे आपलं सातूचंच पीठ आहे, फक्त दाण्यांची जोड दिलेलं. गूळ धरून ८६ ग्रॅम मिश्रणात ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सगळा माल विकत घेतला तरी एवढ्या पिठाला साधारण सहा रुपये पडतात.

आपल्या मुलीला तिसऱ्या वेळी या पिठाचे तीन चमचे भरून, म्हणजे गुळासकट सुमारे ३० ग्रॅम, पाण्यात शिजवून चमचाभर तेलासह दिले, तर आणखी १६० कॅलरी झाल्या. खिचडीच्या २५० आणि या १६०. तिची रोजची गरज भागून मागची तूट भरायलाही काही उरलं. वाट्या कालही तीनच होत्या, आजही तीनच आहेत.

इथे एक अडचण येते. पीठ जास्त घातलं की लापशी गोळ्यासारखी होते आणि बाळ गिळत नाही. मग आई पाणी घालते आणि आपण पुन्हा पातळ वाटीवर येतो. यावरचा उपाय मोड आलेल्या धान्यात आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. गहू रात्रभर भिजवायचा, ओल्या फडक्यात एक-दोन दिवस बांधून मोड आणायचे, वाळवायचा, अगदी मंद आचेवर फक्त ओल जाईपर्यंत शेकायचा आणि दळायचा. या पिठात स्टार्च फोडणारं पाचक द्रव्य तयार झालेलं असतं. शिजलेली घट्ट लापशी चुलीवरून उतरवून जरा निवू द्यायची, त्यात या पिठाचा अर्धा चमचा घालून पाच मिनिटं ढवळायचं. गोळा सैल होतो, आणि पाण्याचा एक थेंबही वाढवावा लागत नाही. मग पुन्हा एक उकळी काढायची, कारण मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. पीठ जोरात भाजलं किंवा उकळत्या लापशीत टाकलं, तर ते पाचक द्रव्य मरतं आणि लापशी घट्टच राहते. काम बिघडलं हे ओळखायची खूण तीच.

ज्वारीला मोड आणून बाळाला देऊ नये. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विषारी द्रव्य तयार होतं. ज्वारीची भाकर किंवा साधं पीठ निर्धोक आहे, मोडाचं काम गव्हावर किंवा नाचणीवर करावं.

शिवारातलं सोयाबीन घरात का नाही

यवतमाळच्या शिवारात कापसासोबत सोयाबीन उभं असतं. सोयाबीनमध्ये प्रथिनं डाळीच्या जवळपास दीडपट असतात. तरी सोंगणी झाली की पोतं सरळ बाजार समितीत जातं, घरात मूठभरही राहत नाही. सोयाबीन बाळाच्या पिठात घालता येतं, पण कच्चं नाही. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं, त्याने पोट फुगतं, जुलाब होतात. दाणे भिजवून वीस-तीस मिनिटं चांगले उकळायचे, चोळून सालं काढायची, कडक वाळवून भाजायचे आणि मग दळायचे. एक किलो गव्हामागे शंभर ग्रॅम पुरे. "सोयाबीन लेकराला बाधलं" असं कोणी सांगितलं, तर ते उकळलं होतं का, हे आधी विचारावं.

शेंगदाण्यातही पारख लागते. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा फेकून द्यायचा, कारण त्यात बुरशीचं विष असू शकतं आणि भाजल्यानेही ते पूर्ण जात नाही. अख्खा दाणा किंवा फुटाणा बाळाच्या हाती द्यायचा नाही, तो श्वासनलिकेत अडकतो.

धान्य-डाळीने कॅलरी आणि बरीच प्रथिनं मिळतात, पण लोह कमी पडतं. तिथे अंडं, सुकट आणि कलेजी कामाला येतात, आणि या बाबतीत आपल्या घरांत मांसाहाराचा अडसर नाही. सुकट धुऊन, वाळवून, भाजून तिची पूड केली, तर अर्धा चमचा खिचडीत पुरे. खारवलेली मासळी मात्र बाळाला नको. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि उकडलेलं अंडं कुस्करून सहा महिन्यांनंतर देता येतं. याशिवाय सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं औषध मिळायचं असतं, ते आशाताईकडे मागावं.

पाकिटाचा आणि हक्काचा प्रश्न

आता सरकारच्या वाटीकडे वळू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार सहा महिने ते तीन वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळायला हवा. त्यात रोजच्या ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असावीत, असं २०१३ च्या मूळ कायद्यात ठरलेलं होतं. तीव्र कमी वजनाच्या बालकासाठी हेच प्रमाण ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम होतं. या आहारासाठी केंद्राने २०१७ मध्ये दर ठरवला तो एका बालकामागे रोज आठ रुपये, आणि तीव्र कमी वजनाच्या बालकासाठी बारा रुपये.

आठ रुपयांत काय बसतं, ते आपण वर पाहिलं. सहा रुपयांचं पीठ घेतलं तर ३३० कॅलरी झाल्या. ५०० पर्यंत जायचं तर सगळे आठ रुपये मालातच संपतात, दळण, पाकीट आणि वाहतुकीला काही उरत नाही. अंडं द्यायचं म्हटलं तर एका अंड्यातच जवळपास सगळी रक्कम जाते. म्हणून पाकिटातल्या प्रथिनांचा दर्जा घसरतो आणि चवही. पाकीट बाळासाठी असतं, पण ते घरातल्या पाच जणांत वाटलं जातं किंवा चव नाही म्हणून शेळीपुढे जातं. त्याचा दोष आईवर टाकणं सोपं आहे, पण दर ठरवणारा हात तिचा नाही.

अंड्याबाबत आणखी एक मुद्दा आहे. भारतरत्न डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत सात महिने ते सहा वर्षांच्या बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी देण्याची तरतूद आहे, पण ती आदिवासी क्षेत्रातल्या गावांपुरती. केळापूर, मारेगाव, राळेगावकडच्या अनुसूचित क्षेत्रातल्या कोलाम-गोंड बालकाला ते अंडं मिळालंच पाहिजे. पण त्या क्षेत्राच्या रेषेबाहेरच्या गावात, तेवढीच मजुरी मिळवणाऱ्या भूमिहीन आईचं बाळ या अंड्यापासून बाहेर राहतं. आमची मागणी आदिवासी बालकाचा वाटा कमी करण्याची नाही. कमी वजनाच्या प्रत्येक बालकापर्यंत तो पोहोचवावा, ही आहे.

घास भरवायला हात कोणाचे?

पीठ घरात असलं, तरी ते भरवायला माणूस लागतं. नऊ महिन्यांनंतर बाळाला दिवसातून तीन-चार वेळा, हळूहळू, त्याच्याशी बोलत भरवावं लागतं. वेचणीला गेलेल्या आईजवळ तेवढा वेळ नसतो. मजुरी बुडवून घरी बसणं तिला परवडत नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी मांडलं होतं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. तो कायदा कारखान्यातल्या बाईसाठी होता. कापसाच्या शेतातल्या रोजंदार बाईपर्यंत अजूनही पगारी विश्रांती पोहोचलेली नाही. म्हणून आजी, मोठी बहीण आणि बाप यांना भरवण्याचं तंत्र शिकवणं आणि वेचणीच्या हंगामात वस्तीत दिवसभराचं पाळणाघर असणं हे पिठाइतकंच गरजेचं आहे. गावातलं विहार दिवसभर बहुधा रिकामंच असतं.

पिठाने सगळं सुटत नाही, हेही सांगितलं पाहिजे. जन्मतःच कमी वजनाचं बाळ मागूनच सुरुवात करतं, म्हणून गरोदर आईचं ताट या हिशेबात आधी येतं. घाण पाण्याने वारंवार जुलाब होत असतील, तर खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाबात अन्न बंद करायचं नाही. ओआरएस, चौदा दिवस झिंकच्या गोळ्या आणि थोडं थोडं अन्न, हाच मार्ग. आणि ज्या बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी आहे किंवा दोन्ही पायांवर सूज आहे, त्याच्यावर घरी पिठाचे प्रयोग करत बसायचं नाही. त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं.

बदल होतो की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. वजन दर महिन्याला एकाच काट्यावर घ्यायचं. दोन महिने वजनाची रेषा आडवी राहिली, तर बाळ अजून हिरव्या पट्ट्यात असलं तरी तो इशारा आहे. उंची दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं निजवून मोजतात. एक वर्षाच्या मुलीची लांबी सरासरी ७४ सेंटिमीटर असते, ६९ च्या खाली ती खुजी ठरते. अंगणवाडीत वजन होतं, पण लांबी नीट मोजली जाते का, फळी आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावं लागतं. खुजेपण वजनकाट्यावर दिसत नाही.

महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलं आहे. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. त्या सुमारास राज्यातली दोन वर्षांखालची ३९ टक्के मुलं खुजी होती. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हा आकडा २३ टक्क्यांच्या आसपास आला. सात वर्षांत झालेलं काम पुढे सैल पडलं, ते याच राज्यात.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी विचारा. गेल्या तीन महिन्यांत आपल्या अंगणवाडीत सहा महिने ते दोन वर्षांच्या किती बालकांची लांबी मोजली? त्यातली किती खुजी निघाली? पाकिटावर लिहिलेल्या कॅलरी आणि प्रथिनं ठरलेल्या प्रमाणाइतकी आहेत का? आणि उत्तर येईपर्यंत, वस्तीतल्या दहा महिन्यांच्या बाळाच्या घरी एकदा जाऊन बसा. वाटीत चमचा घालून तिरपा करून पाहा.